जीएमआरओआयला मराठीत काय म्हणावं? आणि हा परतावा पैशावरचा की जागेवरचा?

नेहा
दुकानांच्या व्यवस्थापकांसाठी असलेल्या एका प्रशिक्षण पुस्तिकेचा अनुवाद करते आहे. त्यात 'ग्रॉस मार्जिन रिटर्न ऑन इन्व्हेंटरी', म्हणजे जीएमआरओआय, पानोपानी येतं. मी सध्या 'साठा-परतावा' लिहिलंय. पण एका ठिकाणी वाक्य आहे की या आकड्याने वस्तूंची क्रमवारी लावा आणि त्याच क्रमाने शेल्फवर जागा वाटा. तिथे अडले. परतावा मालात घातलेल्या पैशावरचा असेल, तर जागेचा संबंध कुठून आला? अर्थ पक्का झाल्याशिवाय शब्द ठरवता येत नाहीये.

प्रसाद
अर्थ अगदी सोपा आहे. मार्जिनची टक्केवारी गुणिले वर्षातून माल किती वेळा फिरतो. २० टक्के मार्जिनचा माल १२ वेळा फिरला की २.४. जास्त आकडा, जास्त चांगला माल. मी 'सकल नफा परतावा' म्हणेन.

सुलभा
प्रसाद, मार्जिन आणि फिरत या दोन्ही गोष्टी त्यात आहेत हे खरं, पण या गुणाकाराने उत्तर कमी येतं. मी खरेदी विभागात बरीच वर्षं काढली, तिथे नव्या माणसाची पहिली चूक हीच असायची.

मूळ व्याख्येने करून बघा. बॅटरीचे सेल धरा. वर्षाची विक्री १,२०,०००. तो माल खरेदी किमतीने ९६,००० चा. ढोबळ नफा २४,०००, म्हणजे २० टक्के. दुकानात सरासरी ८,००० चा माल असतो, तोही खरेदी किमतीने. २४,००० भागिले ८,००० म्हणजे ३. मालात अडकलेल्या प्रत्येक रुपयाने वर्षात तीन रुपये ढोबळ नफा आणला.

तुमची '१२ वेळा फिरतो' ही फिरत खरेदी किमतीची आहे, ९६,००० भागिले ८,०००. टक्केवारी मात्र विक्री किमतीवरची. दोन वेगळ्या पायांवरचे आकडे गुणले गेले. २.४ हे उत्तर साठा विक्री किमतीने, म्हणजे १०,००० चा, धरला तर येतं. गुणाकारच करायचा असेल तर खरेदी किमतीवर किती टक्के चढवले ते घ्या. इथे २५ टक्के. २५ टक्के गुणिले १२, म्हणजे ३.

फरक किरकोळ वाटेल, पण तो सगळ्या वस्तूंना सारखा बसत नाही. मार्जिन जेवढे टक्के, तेवढेच टक्के आकडा खाली येतो. २० टक्केवाला पाचव्या हिश्शाने उतरतो, ४० टक्केवाला दोन पंचमांशाने. म्हणजे चुकीच्या सूत्राने क्रमवारी लावलीत तर भरपूर मार्जिनच्या वस्तूंवर विनाकारण अन्याय होतो.

प्रसाद
हे पटलं. मी दोन्ही टक्केवाऱ्या एकच समजत होतो.

अनिल
माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे म्हणून विचारतो. जागेचं भाडं यात कुठे धरायचं? कारण माझ्या पंख्यांचा आकडा ६ येतोय. पंख्यांनी वर्षात ९०,००० ढोबळ नफा दिला, वर्षअखेरीच्या मोजणीत माल १५,००० चा होता. मग पंख्यांना अजून एक पूर्ण भिंत द्यायला काय हरकत?

सुलभा
अनिलभाऊ, भाडं यात कुठेच धरत नाहीत. पगार, वीज, वाहतूक, कशालाच जागा नाही. फक्त ढोबळ नफा वर आणि साठा खाली. म्हणूनच आकडा १ च्या वर गेला की वस्तू फायद्यात आली असं समजू नये. या ढोबळ नफ्यातूनच बाकीचा सगळा खर्च निघायचा असतो.

पण तुमच्या ६ बद्दल मला शंका आहे. पंख्यांचा हंगाम तुमच्या मोजणीच्या आधी संपतो का? तसं असेल तर तुम्ही वर्षातल्या सगळ्यात रिकाम्या दिवसाचा साठा धरलाय. वर्षाच्या सुरुवातीचा एक आणि प्रत्येक महिनाअखेरीचा एक, असे १३ आकडे घ्या, बेरीज करा आणि १३ ने भागा.

अनिल
खरेदीच्या बिलांवरून मागचे महिने काढले. हंगामाच्या तोंडाशी लाखाच्या वर माल पडून होता. सरासरी ६०,००० च्या आसपास येतेय. म्हणजे दीड.

सुलभा
दीड हा आकडा खरा वाटतो. उलट्या बाजूनेही सांभाळा. एखादी वस्तू चार महिने संपलेलीच होती, तर तिची सरासरी आपोआप खाली येते आणि परतावा फुगलेला दिसू शकतो. यादीत अगदी वर बसलेल्या वस्तूंचे शून्य साठ्याचे दिवस आधी तपासावेत. बऱ्याचदा ती वस्तू कमी मागवली गेलेली असते, आणि गिऱ्हाईक परत गेलं ते या हिशेबात कुठेच दिसत नाही.

नेहा
माझा जागेचा प्रश्न अजून तसाच आहे. पुस्तिकेतलं वाक्य चूक आहे का?

सुलभा
अर्धवट आहे. तीन वस्तू शेजारी ठेवून दाखवते. सेल वर आलेच आहेत: नफा २४,०००, साठा ८,०००, परतावा ३. त्यांना शेल्फवर अर्धा मीटर लागतो. ड्रिल मशीन: नफा ६०,०००, मार्जिन ४० टक्के, पण साठा ५०,००० चा आणि जागा तीन मीटर. परतावा १.२. कुलपं: नफा ३०,०००, मार्जिन ३० टक्के, साठा २०,०००, जागा अर्धा मीटर. परतावा दीड.

आता बघा. एकूण नफ्यात ड्रिल पहिलं. मार्जिनच्या टक्क्यातही ड्रिलच पहिलं. साठ्यावरच्या परताव्यात सेल पहिले आणि ड्रिल शेवटचं. मीटरमागे नफा काढला तर कुलपं ६०,०००, सेल ४८,०००, ड्रिल २०,०००. म्हणजे तिथे पहिला नंबर कुलपांचा.

तुमच्याकडे टंचाई कशाची आहे त्यावर यादी ठरते. पैसा कमी आणि भिंती मोकळ्या असतील तर साठ्यावरचा परतावा बघा. माल भरायला पैसा आहे पण शेल्फ खचाखच भरलंय, तर मीटरमागचा नफा बघा. पुस्तिकेने पहिल्या यादीवरून दुसरं वाटप केलंय, ते नेहमी जुळेल असं नाही. छोट्या, महागड्या वस्तूंना पैसा जास्त आणि जागा कमी लागते, फुगीर आणि स्वस्त मालाचं नेमकं उलटं. तिथे दोन याद्या हमखास भांडतात.

अनिल
समजा पैशाचीच टंचाई आहे. मग सेल ३ देतायत, ड्रिल १.२. ड्रिलमधला पैसा काढून सेलमध्ये घातला तर प्रत्येक रुपयामागे १.८ जास्त. बरोबर ना?

सुलभा
नाही, आणि या आकड्यावर सगळ्यात जास्त पैसा इथेच बुडतो. ३ हा आजवर घातलेल्या ८,००० चा सरासरी परतावा आहे. पुढचे ८,००० काय आणतील ते तो सांगत नाही.

सेलचा साठा दुप्पट, १६,००० केलात. गिऱ्हाइकं तीच, गरज तीच. कधीमधी एखादा आकार संपायचा, तो आता संपणार नाही, एवढाच फायदा. त्याने नफा २४,००० वरून २६,००० झाला असं धरू. नव्या ८,००० ने २,००० आणले. रुपयामागे चार आणे.

आता ड्रिलमधून दोन मंद मॉडेल काढली, साठा ५०,००० वरून ३५,००० वर आला, आणि नफा ६०,००० वरून ५४,००० झाला असं समजा. १५,००० मोकळे करताना ६,००० गमावले, रुपयामागे ४० पैसे. म्हणजे ४० पैसे देणाऱ्या जागेवरून पैसा काढून २५ पैसे देणाऱ्या जागी नेलात. कागदावर ड्रिलचा परतावा १.२ वरून १.५ च्या वर चढलेला दिसेल, तुम्ही खूश व्हाल, आणि दुकानाचा नफा मात्र घटलेला असेल.

मोकळे झालेले पैसे कुलपांच्या नव्या मापांत घालून १०,००० मागे ९,००० मिळत असतील, तर ड्रिलमधून काढणं योग्य ठरेल. क्रमवारी फक्त कुठे चौकशी करायची ते दाखवते. पैसा हलवायचा की नाही, ते पुढच्या रुपयाच्या अंदाजावर ठरवायचं. तो अंदाज बसल्याजागी निघत नाही, थोडा माल वाढवून किंवा कमी करून काही आठवडे बघावं लागतं.

मीनल
एक गोष्ट राहतेय. आमच्याकडे काही माल साठ दिवसांच्या उधारीवर येतो आणि चाळीस दिवसांत विकला जातो. त्यात माझा पैसा अडकतच नाही. मग खाली पूर्ण साठा धरणं बरोबर आहे का? मी साठ्यातून देणी वजा करते.

सुलभा
मी वजा करत नाही. उधारी हा पुरवठादाराशी झालेला सौदा आहे, उद्या तो मुदत तीस दिवसांवर आणेल. वस्तू कशी चालते ते मला त्यापासून वेगळं बघायचं असतं. शिवाय देणी साठ्याएवढी झाली की खाली शून्य येतं आणि आकड्याला अर्थच उरत नाही.

मीनल
पण पैसा कुठे घालायचा हे ठरवायचं असेल तर माझा स्वतःचा पैसा किती अडकला तेच मोजायला हवं. नाहीतर रोखीने घेतलेला माल आणि उधारीचा माल एकाच तराजूत जातात. शून्याची अडचण मान्य, तेवढ्या वस्तू मी यादीबाहेर ठेवते.

सुलभा
दोन्ही आकडे शेजारी मांडत असाल तर माझी हरकत नाही. फक्त एकालाच जीएमआरओआय म्हणा, नाहीतर दुसऱ्या दुकानाशी किंवा स्वतःच्याच मागच्या वर्षाशी तुलना करता येणार नाही.

नेहा
मग मी 'साठ्यावरचा ढोबळ नफा परतावा' असं पहिल्यांदा पूर्ण लिहिते आणि पुढे 'साठा-परतावा'. सूत्रात 'सरासरी साठा, खरेदी किमतीने' हे शब्द सोडणार नाही. जागेच्या वाक्यावर लेखकाला टीप पाठवते.

प्रसाद
'ढोबळ'ला माझा अजून विरोध आहे. 'ढोबळ अंदाज' म्हणतो तसा अदमासे काढलेला आकडा वाटतो वाचणाऱ्याला. 'सकल' ठेवा.

अनिल
दुकानात बसणाऱ्याला 'सकल' म्हणजे काय ते समजवावं लागेल. आमच्या हिशेबनीसाच्या तोंडी 'ढोबळ नफा'च असतो. आणि सुलभाताई, कुलपांच्या नव्या मापांचा अंदाज घ्यायला किती आठवडे थांबायचं? सेल रोज विकले जातात, कुलपं तशी नाहीत.

सुलभा
निदान एकदा तरी सगळी मापं विकून पुन्हा मागवायची वेळ येईपर्यंत. कुलपांची फिरत वर्षाला साडेतीन वेळा आहे, म्हणजे साधारण पंधरा आठवडे. त्याआधीचा आकडा बघून माल परत पाठवू नका.