शब्दचर्चा: सागरी चार्टवरचा ‘ड्राइज’ मराठीत कसा लिहावा?

मुग्धा, धरमपेठ
शिडाच्या होडीतून किनाऱ्याने केलेल्या प्रवासाचं एक वर्णन मराठीत आणते आहे. त्यात एका खडकाबद्दल लिहिलंय की तो १.४ मीटर ‘ड्राइज’. सोबत चार्टचा एक तुकडा छापलाय. त्यावर त्या जागी चांदणीसारखी खूण आहे, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ आहे आणि बाजूला कंसात मोठा १, त्याच्या पायाशी बारीक ४. आकड्याखाली रेघ ओढलेली. संपादकांनी सुचवलंय की ‘१.४ मीटर खोलीवरचा खडक’ असं लिहावं. मला ते पटत नाहीये, पण बरोबर शब्दही सुचत नाहीये. पुढच्याच पानावर होडी त्या खडकाजवळून जाते, त्यामुळे अर्थ चुकला तर सगळा प्रसंगच उलटा होईल.

देशमुख सर
मुग्धाताई, आकड्याखाली रेघ म्हणजे ती खोली नव्हे, उंची. तुमची शंका रास्त आहे. समुद्रसपाटीपासून १.४ मीटर वर आलेला खडक. आपल्या टोपोशीटवर नागपूरची उंची तीनशे मीटरच्या वर दाखवतात, तेच शून्य इथेही. तेव्हा ‘१.४ मीटर उंचीचा खडक’ लिहून मोकळं व्हा. चार्टवरच्या रेषांनाही समोच्च रेषाच म्हणा, मुलांना शाळेपासून तो शब्द ठाऊक असतो.

कॅप्टन, त्रिमूर्तीनगर
सर, रेघेचा अर्थ तुम्ही बरोबर सांगितला, पण शून्य वेगळं आहे आणि सगळा घोळ तिथेच होतो. टोपोशीटचं शून्य म्हणजे सरासरी समुद्रसपाटी. चार्टवरच्या खोल्या मात्र ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीपासून मोजलेल्या असतात, पाणी सहसा ज्याच्या खाली जात नाही अशा पातळीपासून. कारण सरळ आहे. खलाशाला चार्ट बघून कळायला हवं की कमीत कमी इतकं पाणी मिळेलच. मुंबईत ही पातळी सरासरी समुद्रसपाटीच्या सुमारे अडीच मीटर खाली आहे. पावसाळ्यात बातम्यांत ‘आज साडेचार मीटरची भरती’ म्हणतात ना, ते साडेचार याच खालच्या शून्यापासून मोजलेले असतात.

आता मुग्धाताईंचा खडक घ्या. समजा होडी तिथे पोहोचते तेव्हा भरती-ओहोटीच्या कोष्टकाप्रमाणे पाणी शून्याच्या वर २.६ मीटर आहे. खडकाचा माथा शून्याच्या वर १.४. म्हणजे माथ्यावर पाणी उरलं १.२ मीटर. होडीचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली बुडालेला भाग, दीड मीटर असेल तर ती खडकावर बसलीच. आणि हाच आकडा खोली समजून वाचला तर माणूस बेरीज करतो, १.४ अधिक २.६, म्हणजे चार मीटर पाणी, आणि बिनघोर पुढे जातो. त्या एका रेघेने २.८ मीटरचा फरक पडला. सरांच्या शून्याने वाचला तर चूक उलट्या बाजूला जाईल: जो खडक त्या वेळी पाण्याखाली लपलेला आहे तो डोळ्यांना दिसेल असं वाटेल.

मुग्धा
म्हणजे तो कधी दिसतो, कधी दिसत नाही. ‘उंचीचा खडक’ लिहिलं तर वाचक कायम वर असलेला सुळका समजेल. मग ‘ओहोटीला १.४ मीटर उघडा पडणारा’?

कॅप्टन
जवळ आलात. फक्त ‘ओहोटीला’ म्हणजे कुठल्याही ओहोटीला नव्हे. भांगाच्या दिवसांत पाणी फारसं उतरत नाही, तेव्हा असा एखादा खडक दिवसभर झाकलेलाही राहू शकतो. कोकणात ओहोटीला सुकती म्हणतात. इंग्रजी शब्दातही सुकण्याचीच कल्पना आहे, म्हणून मी ‘सुकती-उंची’ म्हणेन. कुलाब्याच्या टोकाला प्राँग्ज दीपगृह ज्या खडपावर उभं आहे ते असंच आहे, भरतीला झाकतं आणि सुकतीला उघडं पडतं. चार्टवर असा झाकून उघडा पडणारा मोठा पट्टा हिरवट रंगात दाखवतात आणि त्यातले आकडे रेघेचे असतात.

भाऊ, भिवापूर
नमस्कार. आमचं जुनं गाव गोसीखुर्दच्या बुडीत क्षेत्रात गेलं. माझ्याकडे प्रकल्पाचा रेषांचा नकाशा आहे, त्यावर देवळाची जागा २४० च्या रेषेवर येते. मग तिथे २४० मीटर पाणी आहे असं धरायचं काय? आणि अशा खडकाला ‘बुडीत खडक’ का नाही म्हणत?

कॅप्टन
नाही भाऊ, तुमच्या नकाशावरची २४० ही जमिनीची उंची आहे, तीही सरांच्या शून्यापासून, म्हणजे सरासरी समुद्रसपाटीपासून. गोसीखुर्द पूर्ण भरलं की पाण्याची पातळी २४५.५ मीटर. वजा केलं की देवळाच्या पायापाशी साडेपाच मीटर पाणी. धरण उतरलं की तेही कमी. चार्टवर ही वजाबाकी आधीच केलेली असते, म्हणून तिथे रेषेवर २, ५, १० असे आकडे दिसतात आणि ते खाली जाताना वाढतात. उलट वाढणाऱ्या रेषेला समोच्च म्हणणं मला जड जातं. समखोली रेषा म्हणावं.

देशमुख सर
शून्याचं मान्य. रेषेचं मात्र नाही. जमीन काय नि समुद्रतळ काय, सारख्या पातळीचे बिंदू जोडणं ही कल्पना एकच आहे. आणि ५ मीटरच्या रेषेबाहेर कुठेही ५ पेक्षा कमी पाणी मिळणार नाही, ही खात्री तर ती रेषा देतेच ना?

कॅप्टन
चांगल्या, नव्या सर्वेक्षणात बऱ्यापैकी देते. रेषा काढताना शंका आली तर उथळ जागा आत घेतात, म्हणजे चूक झालीच तर सुरक्षित बाजूला. पण जुनी मोजमापं दोरीला शिसं बांधून, एकेका जागी सोडून केलेली आहेत. दोन आकड्यांच्या मध्ये एखादा सुळका सुटलेला असू शकतो. म्हणून चार्टच्या कोपऱ्यात कुठला भाग कधी आणि कशा पद्धतीने मोजला याचा छोटा नकाशा असतो, तो आधी बघायचा. तुटक काढलेली समखोली रेषा दिसली की समजायचं, ती अंदाजाने ओढली आहे.

‘बुडीत खडक’बद्दल: भाऊंनी सांगितलं तसं आपल्याकडे बुडीत म्हणजे आधी कोरडं होतं, मग पाण्याखाली गेलं. हा खडक मुळातच तिथला. शिवाय खुणा तीन आहेत आणि एक शब्द सगळ्यांना पुरणार नाही. चांदणी म्हणजे झाकून उघडा पडणारा. अधिकच्या चिन्हाच्या चारही कोपऱ्यांत ठिपके असतील तर माथा त्या खालच्या शून्याच्याच पातळीत, त्याला मी ‘पाण्यालगतचा खडक’ म्हणेन. नुसतं अधिकचं चिन्ह म्हणजे पाण्याखालचा धोकादायक खडक, माथ्यावर किती पाणी आहे ते माहीत नाही. मला सगळ्यांत भीती या तिसऱ्याची. पहिल्या दोघांच्या बाबतीत कोष्टक घेऊन हिशेब तरी मांडता येतो. इथे हिशेबाला आकडाच नाही, त्यामुळे भरती कितीही असली तरी लांबूनच जायचं.

मुग्धा
मग मी असं लिहिते: ‘पाणी अगदी तळाला गेलं की १.४ मीटर उघडा पडणारा खडक’. आणि पुढे जिथे नुसता आकडा येतो तिथे ‘सुकती-उंची’.

देशमुख सर
वाक्य उत्तम. पण ‘सुकती’ इकडे विदर्भात कोणाला कळणार? ‘ओहोटी-उंची’ लिहा.

मुग्धा
पहिल्याच वाक्यात अर्थ उलगडला असेल तर वाचक शब्द उचलतो, सर. सध्या सुकती ठेवते, संपादक काय म्हणतात बघू. कॅप्टन काका, अजून एक. पुढच्या तुकड्यात नुसत्या अधिकच्या चिन्हाशेजारी पी.ए. अशी अक्षरं आहेत.

कॅप्टन
त्याचा अर्थ जागाही अंदाजेच. म्हणजे तिथे खोली माहीत नाही आणि खडक नेमका त्याच ठिकाणी आहे याचीही खात्री नाही. ‘स्थान अंदाजे’ लिहा. तुमच्या वर्णनातली होडी तिथे किती अंतर ठेवून जाते?

मुग्धा
लेखकाने अंतर दिलेलं नाही. ‘चांगला वळसा घातला’ एवढंच आहे.