गोदाम एकच, रॅक तीन: ४८०, ६०० की ७२० पॅलेट?

गूळमसाला: गोकुळ शिरगावला ८० बाय ८० फुटांची शेड भाड्यानं घेतलीय. गूळ पावडर, मसाले, पापड असा पॅकबंद माल. एरवी ३०० पॅलेट असतात, दिवाळीआधी ४५० होतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला पुरानं शिरोलीजवळ हायवे बंद पडला, तेव्हापासून पावसाळ्याच्या तोंडावरही जादा साठा ठेवतो. रॅकवाल्यानं चार थरांचे तीन पर्याय दिलेत: वाटेवरून प्रत्येक पॅलेटला हात पोचणारा सिलेक्टिव्ह ४८०, एकामागं एक तीन पॅलेट खोल पुशबॅक ६००, तसाच पाच खोल ड्राइव्ह-इन ७२०. पुशबॅक सगळ्यात महाग आहे. ड्राइव्ह-इन घ्यावा का?

भाडंभरू: यात विचार कसला करताय? भाडं चौरस फुटाचं देता. सिलेक्टिव्हमध्ये निम्मी शेड फोर्कलिफ्टच्या वाटेलाच जाते. ड्राइव्ह-इनमध्ये गाडीच रॅकच्या आत शिरते, मधल्या वाटा वाचतात. त्याच भाड्यात दीडपट माल बसतो.

स्टोअर_नाना: आधी एक सांगा, एका वेळी चालू लॉट किती असतात? माल किती प्रकारचा ते नको, तारखेनुसार वेगळे लॉट मोजून सांगा.

गूळमसाला: साठच्या आसपास. गूळ पावडरचे पाच लॉट मोठे, दिवाळीत तीसेक पॅलेटचे. बाकी पंचावन्न लॉट मिळून ३०० पॅलेट.

स्टोअर_नाना: मग ७२० हा आकडा विसरा. ड्राइव्ह-इनची एक लेन म्हणजे पाच खोल, चार थर, वीस पॅलेट. फोर्कलिफ्ट पॅलेट वर उचलून तसंच लेनमध्ये शिरतं. खालच्या थरात पुढं काही ठेवलेलं असलं की त्याच्यामागं वरच्या थरालाही हात पोचत नाही. म्हणून चारही थर मिळून अख्खी लेन एकाच लॉटची धरावी लागते. ७२० भागिले २० म्हणजे ३६ लेन, आणि तुमचे लॉट ६०. निदान चोवीस लॉट दारातच उभे राहणार.

शिवाय सहा पॅलेटचा मसाला एका लेनमध्ये गेला की उरलेल्या चौदा जागा रिकाम्या दिसतात, पण त्यात दुसरं काही घालता येत नाही. लॉट विकत जातो तशा अशा जागा वाढतच जातात. रॅकवाला देतो तो आकडा सगळ्या लेन एकाच मालानं भरल्या तरचा.

भाडंभरू: एका लेनमध्ये दोन लॉट घाला की. पुढचा आधी विका, मागचा नंतर. एवढं कशाला ताणायचं?

स्टोअर_नाना: घालता येतील हो. पण नंतर आलेला लॉट नेहमी पुढंच बसतो आणि पुढचाच आधी निघतो. म्हणजे ताजा माल बाहेर जातो, जुना आत कुजतो. मसाल्याच्या पाकिटावर तारीख असते, दुकानदार ती बघूनच घेतो. जुना काढायचा तर पुढचे पॅलेट आधी बाहेर उतरवा, मग परत आत लावा. दिवाळीच्या आठवड्यात हे कोण करणार?

शिरोलीचा_बाळू: आमच्या फाउंड्रीत ड्राइव्ह-इन हाय, म्हणून सांगतो भावा. कास्टिंगचं बिन एकाच जातीचं, महिनाभराचं, तिथं झक्कास चालतंय. पण ड्रायव्हर नवा असला की खांबांची वाट लागत्या. लेनमध्ये दोन्ही बाजूला हातभर जागा न्हाई, रिव्हर्स घेताना धडकतंयच. खांब वाकला की त्याच्या दोन्ही बाजूच्या लेन रिकाम्या करूनच बदलायचा. तुमच्या बिनचं वजन किती हाय?

गूळमसाला: बिन नाहीत बाळूशेठ, खोकी आहेत. लाकडी पॅलेटवर, सातआठशे किलो.

शिरोलीचा_बाळू: मग पॅलेट बघून घ्या आधी. ड्राइव्ह-इनमध्ये पॅलेट दोन कडांवरच टेकतंय, मधी आधार न्हाई. भरलेलं पॅलेट दोन ओंडक्यांवर कडेनं ठेवा आन् रातभर तसंच सोडा. सकाळी पोटात वाकलेलं दिसलं तर त्ये रॅकमध्ये नगं. वरनं खाली आलं तर माणूस मरंल.

एमआयडीसी_मधुरा: ड्राइव्ह-इन आणि पुशबॅक दोन्ही सोडा. सिलेक्टिव्हच ठेवा आणि रीच ट्रक घ्या. साध्या फोर्कलिफ्टला साडेतीन मीटर वाट लागते, रीच ट्रकचं २.८ मध्ये भागतं. चार वाटांत २.८ मीटर वाचले की जादा रांग बसते आणि प्रत्येक पॅलेटला हातही पोचतो.

स्टोअर_नाना: मोठ्या शेडमध्ये हा पहिला उपाय, मधुराताई. इथं शेडची रुंदी चोवीस मीटरच. आठ रांगांच्या चार वाटांत २.८ मीटर वाचतील, पण नवव्या रांगेला स्वतःची सव्वा मीटर खोली आणि तिच्यासमोर आणखी २.८ ची वाट हवी. चार मीटर कुठून आणणार? रीच ट्रकचा इथं फायदा झाला तर उंचीचा. पत्र्याखाली पाचवा थर बसत असेल तर ४८० चे ६०० होतात. शेडची उंची मोजलीय का कुणी?

गूळमसाला: बीमखाली सात मीटर. पाचवा थर नाही बसणार.

कोल्डस्टोअर_वैशाली: मग पुशबॅक बघा. आमच्याकडे चालतो. लेनमध्ये उतरत्या रेलवर गाड्या असतात. नवं पॅलेट ठेवताना फोर्कलिफ्ट आधीच्याला मागं ढकलतं, पुढचं काढलं की मागचं आपोआप पुढं येतं. फोर्कलिफ्ट वाटेतच राहतं, आत शिरत नाही. मुख्य म्हणजे प्रत्येक थराची लेन वेगळी. तुमच्या ६०० जागांच्या २०० लेन होतात, तीन-तीन पॅलेटच्या. पावडरचे पाच लॉट प्रत्येकी दहा लेन, म्हणजे ५०. बाकीच्यांना दोनदोन धरल्या तर ११०, एखाद्याला तिसरी लागेल. तरी २०० च्या आत बसतं, आणि दोन लॉट एका लेनमध्ये घालायची वेळ येत नाही.

दोन गोष्टी मात्र बघा. उतार आणि गाड्यांमुळं प्रत्येक थराला जादा उंची लागते, सात मीटरमध्ये चार थर खरंच बसतात का ते रॅकवाल्याकडून ड्रॉइंगवर काढून घ्या. आणि पुढचं पॅलेट काढल्यावर मागचं पुढं आलं नाही, तर रेलमध्ये खिळा किंवा रॅपचा तुकडा अडकलाय समजा. माणूस आत चढवू नका. आमच्याकडे एकजण चढला आणि पॅलेट सुटलं. थोडक्यात वाचला.

भाडंभरू: दोन महिन्यांच्या गर्दीसाठी बारा महिने पुशबॅकचा हप्ता? एरवी ३०० च पॅलेट असतात.

स्टोअर_नाना: हा मुद्दा मात्र बरोबर आहे तुमचा. मी असतो तर एका भिंतीला बारा लेनचा ड्राइव्ह-इन ब्लॉक लावला असता, फक्त गूळ पावडरीसाठी. तिथं लॉट तीसचा, दोन लेन एका लॉटला, दहा लेन लागतात, दोन हाताशी राहतात. उरलेल्या जागेत सिलेक्टिव्हच्या पाच रांगा बसतात, ३०० जागा. दिवाळीत बाकीचा माल बरोब्बर ३०० होतो, म्हणजे हलायलाही जागा नाही. तेवढ्या आठवड्यांसाठी थोडा माल दुसरीकडे न्यावा लागेल.

कोल्डस्टोअर_वैशाली: आणि पावसाळ्यातला जादा साठाही दुसरीकडे ठेवला आणि पूर आला तर? दुसरीकडचं गोदाम शिरोलीत निघालं, तर माल पलीकडे आणि ऑर्डर अलीकडे.

स्टोअर_नाना: मग ते पुराच्या अलीकडे, कागल बाजूला बघायचं. भाडं तरी पुशबॅकच्या हप्त्यापेक्षा कमीच पडेल.

कोल्डस्टोअर_वैशाली: भाडं कमी पडेल, पण दोन गोदामांत तारखा कोण सांभाळणार? आमच्याकडे त्यावरूनच भांडणं होतात.

गूळमसाला: रॅकवाल्याला दोन्हीची ड्रॉइंग मागितलीत, पुशबॅकची सात मीटर उंचीसह. आली की इथं टाकतो.

शिरोलीचा_बाळू: आन् पॅलेट तेवढं रातभर ओंडक्यावर ठिवून बघाच.