मदत हवी आहे: अर्धा एकर जरबेराचं पॉलीहाऊस की उघड्यावर गेंदा-शेवंती? (इंदूर, सांवेरकडची जमीन)

मीनल_इंदूर
नमस्कार मंडळी. आमची सांवेरकडे पाच बिघे म्हणजे साधारण तीन एकर जमीन आहे, काळीभोर, एक बोअर आहे तो होळीनंतर दमतो. आतापर्यंत सोयाबीन-गहू आणि एका तुकड्यात सासरे थोडा गेंदा नि शेवंती लावतात, तो माल चोइथराम मंडीत जातो. आता धाकट्या दिरांना शेतीच करायचीय, ते एका कंपनीच्या मीटिंगला जाऊन आले आणि तेव्हापासून घरात पॉलीहाऊस सोडून दुसरा विषय नाही. कोटेशन 2000 चौरस मीटरचं आहे, स्ट्रक्चर, ड्रिप, फॉगर धरून 22 लाख, जरबेराची 12 हजार रोपं 35 रुपयांप्रमाणे 4 लाख 20 हजार, बेड बनवायला लाल माती-शेणखत वगैरे 3 लाख, किरकोळ धरून 30 लाख समजा. कंपनीचा हिशेब असा की एका झाडाला वर्षाला 40 फुलं, फुलाला 5 रुपये, म्हणजे वर्षाला 24 लाख, दोन वर्षांत सगळं वसूल. सासरे म्हणतात एवढं सोपं असतं तर कंपनीने स्वतःच नसती का केली शेती. 20 लाख कर्ज काढावं लागेल आणि ते माझ्या पगारावर निघणार म्हणून मी विचारतेय. 24 लाखांचा आकडा खरा धरायचा की नाही, आणि उघड्यावरच्या फुलांशी याची तुलना करायची कशी?

राऊवाला
वैनी बिनधास्त करा. सबसिडी 50 टक्के आहे म्हणजे 15 लाख सरकारचे, तुमचे उरले 15. आणि आतमध्ये कीड येत नाही, पाऊस लागत नाही, बारा महिने फूल. उघड्यावर काय, एक पाऊस आला की गेंदा चिखलात.

मावळकर
मी मावळात दहाएक वर्षं जरबेरा केला, आता बंद केलाय, त्यामुळे मला काही विकायचं नाही. राऊवाल्या भाऊंचं अर्धं बरोबर आहे. सबसिडी 50 टक्के आहे हो, पण ती सरकारने ठरवलेल्या दरावर मिळते, कंपनीच्या कोटेशनवर नाही, त्यामुळे 30 लाखांचे 15 होत नाहीत, 10-11 पकडून चाला. शिवाय आधी मंजुरी, मग बांधकाम, मग पाहणी आणि मग पैसे, तोवर हप्ता तुमच्याच खिशातून. मंजुरीपत्र हातात नसताना कंपनीला अ‍ॅडव्हान्स देऊ नका, मग ती लाख सांगो की आम्ही सगळं करून देतो. आणि कीड येत नाही हे तर उलटंच आहे. कोरड्या उष्ण हवेत लाल कोळी आतमध्ये जितका माजतो तितका बाहेर माजत नाही, कारण त्याला धुऊन काढायला पाऊसच नसतो.

आता मीनलताईंचा हिशेब. 12 हजार रोपांतली हजार-बाराशे मर लागून जातात, 10 हजार 800 धरा. झाडाला 40 फुलं येतात हे खोटं नाही, पण विकण्यासारखी 30 धरा, बाकीची वाकडी, आखूड दांड्याची, डागाळलेली. म्हणजे वर्षाला सव्वातीन लाख फुलं. खर्च बघा, अर्ध्या एकराला तीन माणसं रोज लागतात, खत-औषध, लाईट, सगळं मिळून महिना 75 हजाराच्या खाली मला कधी जमलं नाही, म्हणजे वर्षाला 9 लाख. 20 लाखांचा सात वर्षांचा हप्ता साडेदहा टक्क्यांनी 34 हजाराच्या आसपास बसतो, वर्षाला 4 लाख. झाले 13 लाख. त्याला सव्वातीन लाख फुलांनी भागा, फुलामागे 4 रुपये आले. पुढे तिसऱ्या वर्षी रोपं बदलायची आणि तीन-चार वर्षांनी वरचा पेपर बदलायचा, त्यासाठी वर्षाला 2 लाख बाजूला ठेवले तर साडेचारच्या वर जातं. सबसिडीचे 10 लाख कर्जात भरले तर परत चारवर येतं.

म्हणजे तुमचा प्रश्न 24 लाख खरे का हा नाहीच. आडत, भाडं, स्लीव्ह, बॉक्स सगळं जाऊन हातात फुलामागे 4 रुपये वर्षभराच्या सरासरीने पडतात का, एवढंच विचारायचं. कंपनीचे 5 रुपये हा मंडीतला चांगल्या दिवसाचा भाव असतो.

मीनल_इंदूर
बापरे, असं कोणी मांडूनच दाखवलं नव्हतं. पण दीर म्हणतात लग्नसराईत 8-10 रुपये पण भेटतात?

मावळकर
भेटतात की. देवउठनी एकादशीनंतर भाव चढतो, मग मलमासात बसतो, संक्रांतीनंतर पुन्हा उठतो. पण झाड पंचांग बघून फूल देत नाही. पितृपक्षात आणि चातुर्मासातही तेवढीच फुलं येतात, तोडावीच लागतात, नाही तोडली तर झाडाचा जोर जातो. त्या दिवसांत दीड-दोन रुपयांनी दिलीयेत, कधी बॉक्सचा खर्चही निघालेला नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तर ऐन लग्नसराईत रोज तोडून खड्ड्यात टाकली, माणसांचा पगार चालूच. आणि आता मंडपवाले प्लास्टिकची फुलं वापरतात, ती एकदा घेतली की वर्षानुवर्षं चालतात.

तुमच्याकडची अजून एक गोष्ट म्हणजे मे महिना. एप्रिल-मेमध्ये लग्नं असतात, भाव असतो, पण 40-42 डिग्रीत जरबेरा हातभर दांडा देत नाही, फूल लहान येतं, मान टाकतं. शेडनेट ओढा, फॉगर चालवा, फरक पडतो, पण फॉगरला पाणी लागतं आणि तुमचा बोअर होळीनंतर दमतो असं तुम्हीच लिहिलंय.

शुभांगी_बडोदा
माझ्याकडे गच्चीवर जरबेराच्या सात-आठ कुंड्या आहेत, हिरवी नेट बांधलीय तरी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात, काय घालू? इथे जाणकार दिसतायत म्हणून विचारलं. धागा हायजॅक करत नाहीये हं 😅

मावळकर
ताई, तुमच्या कुंडीनेच मीनलताईंचं उत्तर दिलं बघा. नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह मिळत नाहीये, आणि बहुतेक वेळा माती-पाण्यात चुना जास्त असतो म्हणून मिळत नाही. चिलेटेड लोह द्या, बोअरच्या पाण्याऐवजी पावसाचं साठवलेलं मिळालं तर ते द्या.

मीनलताई, जरबेराला साडेपाच ते साडेसहा सामू लागतो, भुसभुशीत निचऱ्याची लाल माती लागते. काळ्या जमिनीवर बेड करायचे तर लाल माती बाहेरून आणून किमान दीड फूट भरावी लागते, 3 लाखांत ती कुठून आणि किती डंपर येणार हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. नुसती काळीत खत मिसळून रोपं लावली तर पहिल्याच पावसाळ्यात मर लागते. ओळखायला सोपं आहे, सकाळी झाड माना टाकलेलं दिसतं, हाताने ओढलं की अलगद वर येतं आणि खोडाशी काळं पडलेलं असतं. बोअरचं पाणी लॅबमध्ये देऊन ईसी म्हणजे क्षारांचं प्रमाण आणि बायकार्बोनेट बघा. ईसी एकच्या बरीच वर निघाली तर पुढे बोलण्यात अर्थ नाही, करायचंच असेल तर आरओ बसवा, त्याचं वाया जाणारं पाणी वेगळं. ड्रिपरच्या तोंडावर पांढरा थर बसत असेल तर रिपोर्टच्या आधीच अंदाज येतो.

उज्जैन_रोडचा_माळी
मी उघड्यावरच करतो, गेंदा, नौरंगा आणि शेवंती, महाकालच्या हारवाल्यांना माल देतो. माझा हिशेब सरळ आहे, एक एकर गेंदा, जुलैच्या शेवटी गादीवाफ्यावर लावला की नवरात्राच्या आसपास तोडा चालू. रोपं, मल्चिंग, खत, फवारणी, तोडणीची मजुरी धरून लाख-सव्वा लाख जातात. 60 क्विंटल निघाला आणि आडत-भाडं जाऊन किलोला 20 रुपये पडले तर वरकड थोडीच, पण दसरा-दिवाळीचा भाव सापडला तर दुप्पट होतो. ज्या साली ऑक्टोबरात पाऊस झोडपतो त्या साली फुलात पाणी भरून काळी पडतात, 50-60 हजार गेले समजा. पण गेले म्हणजे गेले, त्याच रानात गहू घालतो आणि बँकेचा फोन येत नाही. पॉलीहाऊसवाला दोन महिने तोट्यात असला तरी त्याला बंद नाही करता येत, मी करू शकतो. अपन तर येवढंच बघतो.

राऊवाला
काका पण तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या तेच करणार तर एकरी लाखभराच्या पुढे जाणार कधी? माझ्या ओळखीच्या एकाने केलंय, गाडी घेतली त्याने.

उज्जैन_रोडचा_माळी
गाडी पण हप्त्यावरच असेल भिया.

मावळकर
राऊवाले अगदीच चुकीचे नाहीत. ज्यांचं चाललं त्यांच्यात मी एक गोष्ट सारखी बघितली, घरचा माणूस दिवसभर प्लॉटवर आणि माल एका मंडीच्या भरवशावर नाही, दिल्लीच्या गाझीपूरला किंवा थेट डेकोरेशनवाल्यांना. इंदूरला जवळची मंडी आहे, पण रोजचे आठ-नऊशे दांडे एकाच आडत्याकडे टाकले की भाव तो ठरवतो. दीर हे करणार असतील तर माझा विरोध नाही, फक्त पगारावर कर्ज काढून नको, आणि आधी एखाद्या चालू प्लॉटवर पितृपक्षात महिनाभर काम करून बघू दे त्यांना. लग्नसराईत नको, तेव्हा सगळेच खूष असतात.

मीनल_इंदूर
सगळ्यांचे आभार. दिरांना धागा वाचायला दिला, ते जरा चिडले, मग म्हणाले पाण्याचा रिपोर्ट आणतो. मधला मार्ग म्हणून सासऱ्यांचं म्हणणं असं की 2000 मीटरचं शेडनेट टाकून त्यात शेवंती करू, खर्च बराच कमी. हे कितपत चालेल?

मावळकर
शेडनेट उन्हाला आहे, पावसाला नाही, पाणी त्यातून आरपार पडतं. आणि शेवंतीला तर कळ्या धरताना भरपूर ऊन हवं, सावलीत दांडा नुसता लांबतो नि रंग फिका येतो. रोपवाटिकेला घ्या हवं तर.

उज्जैन_रोडचा_माळी
मला नाही पटत. पांढऱ्या शेवंतीवर ऑक्टोबरच्या उन्हात करपल्यासारखे डाग येतात, तेवढे दिवस हलकी नेट ओढली तर माल उजळ निघतो, मी दोन ओळींवर करून बघितलंय. सगळं रान झाकायची मात्र गरज नाही. बोअरच्या पाण्याचा नमुना घेताना मोटर अर्धा तास चालवून मग बाटली भरा, पाईपात साठलेलं देऊ नका.