मदत हवी आहे: बिझनेस केस इंडोनेशियन भाषेत नेताना ख्रिसमसच्या झाडाच्या जागी काय घ्यावं?

मुक्काम_बांडुंग

छोट्या व्यावसायिकांच्या प्रशिक्षणासाठी एका इंग्रजी केसचा इंडोनेशियन अनुवाद करते आहे. केस अमेरिकेतली आहे. एक माणूस मोकळ्या प्लॉटवर ख्रिसमसची खरी झाडं विकतो. झाड ३० डॉलरला घेतो, ७५ ला विकतो, २५ डिसेंबरनंतर उरलेल्या झाडाची किंमत शून्य. ऑर्डर एकदाच आणि आधीच द्यावी लागते. मागच्या वर्षांवरून मागणीचा तक्ता दिला आहे: १०० झाडं खपण्याची शक्यता २० टक्के, २०० ची ३० टक्के, ३०० ची ३० टक्के, ४०० ची २० टक्के. चर्चेचा प्रश्न एकच: ऑर्डर किती द्यावी?

वाचक बहुतेक पश्चिम जावातले, वारुंग नाहीतर छोटं दुकान चालवणारे. त्यांना हे झाडांचं प्रकरण परकं वाटेल. प्रकाशकाकडून अनुवादाबरोबर रूपांतराचीही लेखी परवानगी आहे, त्यामुळे उदाहरण बदलायला हरकत नाही. पण काय घेतलं तर धडा तोच राहील? आणि डॉलरचं रुपिया कसं करायचं?

कोकणकडा

बदलायची गरजच काय? इंडोनेशियात ख्रिश्चन लोक आहेत, नाताळची राष्ट्रीय सुट्टी असते, मॉलमध्ये झाडं दिसतात. ‘पोहोन नाताल’ लिहा, सगळ्यांना कळेल.

बदलायचंच असेल तर बकरी ईदचे बोकड घ्या. एका सणासाठी एकदाच होणारी विक्री, आधी पैसे गुंतवायचे, मग गिऱ्हाइकाची वाट बघायची. अगदी तंतोतंत.

पानशेत

शब्द कळेल हे खरं, पण तिथलं झाड बहुतेक प्लास्टिकचं असतं. ते घडी घालून खोक्यात जातं आणि पुढच्या वर्षी परत निघतं. म्हणजे वाचकाच्या डोळ्यांपुढे येणारी वस्तू उरली तरी वाया जात नाही, आणि ही केस तर ‘उरलं की शून्य’ या एका गोष्टीवर उभी आहे. तो म्हणेल, ४०० आणून ठेव की, उरली तर पुढच्या वर्षी विक. त्याच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे.

बोकडाचंही तेच, आणि आकड्यात घातलं की स्पष्ट दिसतं. समजा बोकड २५ लाख रुपियाला घेतला, ३२ लाखाला विकला. उरला तर सणानंतर, चाऱ्याचा खर्च वजा करून, २४ लाख हाती येतात. बोकड कमी पडला तर ७ लाखांचा नफा बुडतो, जास्त झाला तर फक्त १ लाख जातो. मूळ केसमध्ये कमी पडलेल्या झाडामागे ४५ डॉलर बुडतात आणि उरलेल्या झाडामागे ३० जातात. उत्तर ठरतं ते या दोन तोट्यांच्या तुलनेवरून. बुडणारा नफा भागिले दोन्हींची बेरीज: झाडासाठी ४५ भागिले ७५, म्हणजे ०.६. बोकडासाठी ७ भागिले ८, म्हणजे जवळजवळ ०.८८.

आता तक्ता खालून वर मोजा. १०० पर्यंत २० टक्के, २०० पर्यंत ५०, ३०० पर्यंत ८०. ०.६ पहिल्यांदा ओलांडलं जातं ३०० वर, म्हणून झाडांचं उत्तर ३००. ०.८८ साठी थेट ४०० वर जावं लागतं. गोठा भरून टाका, विचार करायला काही उरतच नाही. सण तोच, गर्दी तीच, पण धडा गेला.

म्हणून उदाहरण शोधण्याआधी एका कागदावर मूळ वस्तूचं फक्त काम लिहून काढा, नाव नको: उरली तर किंमत शून्य, ऑर्डर एकदाच, मध्ये परत माल मिळत नाही, विक्रीची शेवटची तारीख ठाम, नफा आणि तोटा यांचं प्रमाण ४५ ला ३०. मग या पाचही गोष्टी पाळणारी स्थानिक वस्तू शोधा. सणाशी सण जुळवत बसलात तर बोकड हाती लागतो.

माझ्या मते तुमच्यासाठी लेबारानच्या, म्हणजे रमजान ईदच्या, आधी विकली जाणारी केतुपातची रिकामी विणलेली वेष्टनं घ्यावीत. माडाच्या कोवळ्या पानांची, म्हणजे जानुरची, ती चौकोनी घडी. घरी नेऊन त्यात तांदूळ भरून शिजवतात. बाजारात ती दहा-दहाच्या जुडीत, ‘इकात’मध्ये मिळते. सण झाला की पान सुकतं आणि कोणी हात लावत नाही.

डबा_घरचा

माझ्याकडेही असंच काम आहे, मुंबईच्या डबेवाल्यांची केस. इंडोनेशियन लोक डब्याला रांतांग म्हणतात, आणि घरगुती जेवण रांतांगमधून पोचवणाऱ्या केटरिंगवाल्या बायका तिथे असतात. मग डबेवाल्याच्या जागी सरळ त्यांनाच घेऊ ना?

पानशेत

वेगळा धागा काढलात तर बरं, पण थोडक्यात सांगतो: नको. रांतांगवाल्या बाईंचं स्वयंपाकघर एक आणि गिऱ्हाईक अनेक. डबेवाल्यांकडे स्वयंपाकघरंही हजारो आणि ऑफिसंही हजारो. डबा वाटेत अनेक हात बदलतो आणि झाकणावरच्या खुणा वाचून योग्य माणसापर्यंत जातो. धडा त्या वर्गवारीत आहे, जेवणात नाही. तुमच्या केसमध्ये मुंबई, लोकल आणि डबेवाले तसेच ठेवा, फक्त डबा हा शब्द रांतांग करा. शिवाय ते खरे लोक आहेत. खऱ्या संस्थेची केस असेल तर तिचे आकडे उचलून दुसऱ्या कुणाच्या नावावर घालता येत नाहीत. बदल करायचे ते काल्पनिक पात्रांच्या केसमध्येच.

मुक्काम_बांडुंग

केतुपात पटलं. पण किमतींचं काय? आजच्या दरानं ३० डॉलरचे जवळपास ५ लाख रुपिया होतात, आणि पानाची एक जुडी त्या किमतीला कोण घेईल?

पानशेत

दरानं रूपांतर करूच नका. तुम्हाला जपायचंय ते प्रमाण, रक्कम नाही. जुडीची खरेदी ६ हजार, विक्री १५ हजार ठेवा. बुडणारा नफा ९ हजार, उरल्यास तोटा ६ हजार, ९ भागिले १५ म्हणजे पुन्हा ०.६. मागणीचा तक्ता जसाच्या तसा, झाडांऐवजी जुड्या.

उत्तर पडताळून घ्या. ३०० जुड्या आणायला १८ लाख रुपिया लागतात. १०० च खपल्या तर ३ लाख तोटा, २०० खपल्या तर १२ लाख नफा, ३०० किंवा जास्त मागणी आली तर २७ लाख. शक्यतांनी गुणून बेरीज केली की सरासरी नफा साडेसोळा लाख येतो. २०० जुड्यांसाठी तो १५ लाख, ४०० साठी साडेतेरा. म्हणजे ३०० च सरस. तक्त्यातली सरासरी मागणी २५० आहे हे मुद्दाम लक्षात ठेवा, कारण ‘सरासरीपेक्षा थोडं जास्त मागवणं इथे शहाणपणाचं का’ हाच चर्चेचा गाभा आहे.

इंडोनेशियनमध्ये हजारांसाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम असतो. `Rp15.000` म्हणजे पंधरा हजार, आणि गुणोत्तर `0,6` असं लिहायचं. इंग्रजीतलं `0.6` तसंच राहिलं तर वाचक अडखळतो. `Rp` आणि आकडा यांच्यात जागा सोडू नका. आणि आपल्या सवयीचे लाख इथेच ठेवून जा: १ लाख म्हणजे तिथले १०० रिबू, १० लाख म्हणजे १ जुता.

सोलो_ते_सातारा

केतुपात चांगलं आहे, पण तीन ठिकाणी जपा.

पहिलं म्हणजे जागा. मध्य आणि पूर्व जावात बऱ्याच गावांत केतुपात लेबारानच्या दिवशी नाही, आठवड्यानं, ८ सव्वालला करतात. तिथला वाचक विचारेल, उरलेल्या जुड्यांसाठी दुसरा सण आहेच की. म्हणून केस जकार्ता-बेकासी पट्ट्यात ठेवा.

दुसरं म्हणजे तारीख. नाताळ २५ डिसेंबरला ठाम असतो. लेबारानचा दिवस सरकार २९ रमजानच्या संध्याकाळी बैठकीत जाहीर करतं. २०२३ मध्ये मुहम्मदिया या तिथल्या मोठ्या मुस्लिम संघटनेनं २१ एप्रिलला सण केला आणि सरकारी तारीख २२ एप्रिल होती. अशा वर्षात विक्रेत्याला एक दिवस जादा मिळतो आणि मागणी दोन दिवसांत विभागते. मूळ केसमध्ये नसलेली अनिश्चितता आत शिरते. केस २०२४ मध्ये ठेवा. त्या वर्षी दोन्हीकडे १० एप्रिल होता. आणि मूळ तक्त्याच्या शीर्षकात ‘डिसेंबर’ असेल तिथे महिना लिहू नका. लेबारान दर वर्षी साधारण ११ दिवस मागे सरकतो, आपल्या दिवाळीसारखा अधिक महिन्यानं परत पुढे येत नाही. तिथले लोक सणाच्या आधीचे दिवस `H-3`, `H-2` असे मोजतात, तेच वापरा.

तिसरं, आणि हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. जकार्तातल्या पालमेराहसारख्या बाजारात विक्रेते पानं आणून तिथेच विणतात. माल संपला तर शेजारच्याकडून दोन जुड्या उसन्या मिळतात. ‘ऑर्डर एकदाच’ ही अट तिथे तुटते.

पानशेत

तिसरा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मग विक्रेती बाजारात बसवू नका. बेकासीतल्या एका वसाहतीच्या फाटकाशी टेबल मांडून बसणारी बाई करा. विणलेल्या तयार जुड्या पालमेराहहून `H-2` ला एकाच खेपेत येतात, आसपास दुसरा विक्रेता नाही, परत आणायला वाहन नाही. ही तीन वाक्यं केसच्या दुसऱ्याच परिच्छेदात येऊ द्या, नाहीतर प्रशिक्षणात निम्मा वेळ ‘परत का नाही आणत’ यातच जाईल.

आणि शेवटचा चर्चा-प्रश्न जपून लिहा. मूळ इंग्रजीत ‘आपण काय करायला हवं’ असं असेल तर तिथे ‘कीता’ हवं, ‘कामी’ नको. मराठीतला आपण आणि आम्ही यांच्यातलाच फरक. ‘कामी’ लिहिलंत तर वाचक प्रश्नाबाहेर राहतो.

मुक्काम_बांडुंग

झालं तसं. आता एकच अडचण आहे. मूळ केसमध्ये मागणी कमीजास्त का होते याचं कारण बर्फ आहे. हवामान खराब झालं की गिऱ्हाईक येत नाही. त्याच्या जागी मी मुदिक लिहिलं: सणाला किती घरं गावी निघून जातात त्यावर वसाहतीतली मागणी अवलंबून.

कोकणकडा

हे मात्र उत्तम.

सोलो_ते_सातारा

मला शंका आहे. बर्फ कुणालाच आधी कळत नाही. पण कोण गावी जाणार हे वसाहतीच्या आरटीच्या, म्हणजे शेजारपाजारच्या घरांच्या गटाच्या, प्रमुखाला विचारलं तर बरंचसं कळतं. हुशार वाचक म्हणेल, आधी चौकशी कर, मग तक्त्याची गरजच नाही. पाऊस घेतला तर?

पानशेत

पावसानं केतुपात घ्यायचं कुणी थांबत नाही, संध्याकाळपर्यंत घेतातच. मुदिकच ठेवावं, पण जुड्यांची ऑर्डर दोन आठवडे आधी द्यावी लागते आणि तेव्हा बऱ्याच घरांचं जायचं ठरलेलं नसतं, असं स्पष्ट लिहावं. तरी सोलोकरांची शंका पूर्ण मिटत नाही. मूळ केस न वाचलेल्या तीन-चार इंडोनेशियन दुकानदारांना मसुदा द्या आणि फक्त ऐका. ते २०० की ३०० यावर वाद घालू लागले तर केस टिकली. ‘आरटीला विचारा’ यावरच थांबले तर कारण बदलावं लागेल. प्रशिक्षकासाठीच्या टिपणातही झाड, बर्फ, डॉलर शोधून काढा. केस बदलली आणि टिपण जुनंच राहिलं, असं नेहमी होतं.

मुक्काम_बांडुंग

टिपणात बर्फ चार ठिकाणी सापडला. शनिवारी मसुदा वाचायला देते आहे. मुखपृष्ठावर ‘तरजमाहान’, म्हणजे अनुवाद, लिहायचं की ‘सादुरान’, म्हणजे रूपांतर, हे अजून ठरत नाहीये.

सोलो_ते_सातारा

एवढं बदलल्यावर सादुरानच. तरजमाहान म्हटलं तर कुणीतरी मूळ प्रत काढून विचारेल, केतुपात कुठे आहे यात?

पानशेत

माझं मत थोडं वेगळं आहे. आकड्यांचं गणित आणि प्रश्न जसेच्या तसे आहेत. मुखपृष्ठावर तरजमाहान आणि आतल्या पानावर काय काय बदललं त्याची चार ओळींची नोंद, असं मी करेन. पण परवानगीच्या पत्रात प्रकाशकानं कोणता शब्द वापरलाय ते आधी बघा.