आईच्या गुडघ्याची झीज की र्‍हुमॅटॉइड? एक्सरेवर किती भरवसा ठेवायचा

यावलकर: आई ५८ वर्षांची. दोन्ही गुडघे सुजलेत, एक्सरेत गॅप कमी अन हाड वाढलंय म्हणून झीज सांगितली. पण सकाळी दीड-दोन तास मूठच वळत नाही, भाकरी थापता येत नाही. झीजच धरून चालायचं का?

केळीबाग: वाढलेल्या हाडाचे काटे दिसले ना, मग विषय संपला भो. र्‍हुमॅटॉइड हाड खातो, वाढवत नाही. अन दोन्ही गुडघे आहेत म्हणून घाबरू नका, झिजेतही दोन्ही जातात.

तापीकाठ: अर्धं बरोबर आहे. पण या वयात काटे बऱ्याच जणांना असतात, ते झिजेचे असले तरी आजची सूज त्यांचीच असं ठरत नाही. गुडघा सोडा, आईचे हात बघा. झीज धरते ती नखाजवळच्या सांध्याला, मधल्या पेराला अन अंगठ्याच्या बुडाला. र्‍हुमॅटॉइड धरतो मनगट अन मूठ वळली की वर येतात ती टेकाडं, नखाजवळचा सांधा बहुतेक वेळा सोडून देतो. आणि एक्सरे उभं राहून काढलेला असेल तर गॅप कुठली कमी आहे ते बघा, झिजेत बहुतेकदा आतल्या बाजूची जाते नि बाहेरची टिकते, र्‍हुमॅटॉइडमध्ये दोन्हीकडून सारखी.

खान्देशी माय: आमच्या वडिलांना नखाजवळ कडक गाठी होत्या, आर ए फॅक्टर पॉझिटिव्ह आला म्हणून घरात रडारड, शेवटी झीजच निघाली. टेस्टवर जाऊ नका. अन गुडघ्यातलं पाणी काढू देऊ नका, गुडघा कायमचा जातो म्हणे.

तापीकाठ: फॅक्टरचं पटतं ताई, म्हाताऱ्या माणसात तो उगाचही पॉझिटिव्ह येतो. पाण्याचं नाही पटत, नीट निर्जंतुक करून काढलं तर धोका फार कमी.

यावलकर: मनगट अन टेकाडं फुगलीत, नखाजवळ काहीच नाही. पाणीही काढलं: गढूळ, सिरिंजमधून टपटप पडत होतं, तार धरतच नव्हतं. पांढऱ्या पेशी १४,०००, त्यात न्यूट्रोफिल ७८ टक्के. स्फटिक नाहीत, कल्चर निगेटिव्ह. हाताचा एक्सरे मात्र नॉर्मल.

तापीकाठ: मग एकट्या झिजेचं पाणी नाही हे. झिजेचं पिवळसर, पारदर्शक, मधासारखी तार धरणारं, पेशी सहसा २,००० च्या आत. हाताचा एक्सरे सुरुवातीला नॉर्मल येऊच शकतो, हाड विरळ होणं अन सांध्याच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसणं मागाहून येतं.

केळीबाग: म्हणजे र्‍हुमॅटॉइड पक्का?

तापीकाठ: नाही, सोरायसिसच्या संधिवातातही पाणी असंच येतं. फक्त तो नखाजवळचे सांधे जास्त धरतो. आईच्या अंगावर, डोक्यात कुठं खपल्या आहेत का?

केळीबाग: मी तरी अजून म्हणतो, गुडघ्यातली झीज आहेच.

तापीकाठ: आहेच की, नाही कोण म्हणतंय? दोन्ही एकाच गुडघ्यात नांदतात.

यावलकर: खपल्या नाहीत. र्‍हुमॅटॉइडसाठीच्या अँटी सीसीपी टेस्टला रक्त दिलंय, रिपोर्ट शुक्रवारी.