मदत हवी आहे: देणगीदारांच्या रांगेवरून एका आजींची तक्रार, उत्तर कसं लिहू?

घोडबंदरकर: ठाण्यात आमचं छोटं दत्तमंदिर आहे, तिथले मेसेज मी बघतो. गुरुवारच्या आरतीला पुढच्या दोन ओळींत देणगीदारांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या खुर्च्या, आणि त्यांना एंट्री बाजूच्या दारातून. एका आजींनी लिहिलंय, सव्वा तास उभी होते, गाभाऱ्याशी पोचले आणि बाजूने सहा जण शिरले, तेवढ्यात आरती सुरू झाली, दर्शन राहिलं. मी लिहिलंय, "आपल्या भावनांचा आदर आहे, मात्र देणगीदारांच्या सहकार्यानेच मंदिर चालतं." ट्रस्टी म्हणतात हेच पाठव, पण मला खटकतंय.

कळव्याचा_पक्या: व्हीआयपी दर्शन कोर्टाने बंद केलंय ना? तसं लिहून मोकळे व्हा.

नेरुळकाका: पक्या, बंद नाही केलं. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने व्हीआयपी दर्शनाविरुद्धची याचिका ऐकायलाच नकार दिला, हा निर्णय मंदिरांनी आणि समाजाने घ्यायचा म्हणाले. म्हणजे कोर्टाचं नाव इथे कोणाच्याच कामाचं नाही.
घोडबंदरकर, तुमचा तो "मात्र" काढा. आजींनी मंदिर कशावर चालतं हे विचारलंच नाहीये, त्यांना वाचताना ऐकू येणार की तुम्ही पैसे दिले नाहीत म्हणून उभ्या राहिलात. "गैरसमज" पण लिहू नका, त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. आधी फोन करा, मग असं काहीसं लिहा:
"आजी, गुरुवारी तुम्ही सव्वा तास उभ्या होतात आणि बाजूच्या दारातून आलेल्यांमुळे तुमचं दर्शन राहिलं, हे खरं आहे. त्याबद्दल माफी मागतो. येत्या गुरुवारपासून आरतीच्या अर्धा तास आधी ते दार बंद राहील."
पण ही शेवटची ओळ ट्रस्टींनी हो म्हटल्याशिवाय टाकू नका, नाहीतर पुढच्या गुरुवारी आजी तुमचाच मेसेज दाखवतील. आणि खरी गडबड दोन रांगा एकत्र होतात तिथे आहे. तिथे कोणी उभं नसलं की बाजूचे घोळक्याने घुसतात आणि मोठी रांग जागची हलत नाही. एक सेवेकरी ठेवा, मोठ्या रांगेतले दहा सोडले की बाजूचे दोन.

मीनाताई_ऐरोली: आमच्या सोसायटीच्या गणपतीत पण हेच, प्रसादाचं पहिलं ताट स्पॉन्सरला! आजींना व्हीलचेअर देता येईल का?

घोडबंदरकर: ताई, आजी ठणठणीत आहेत हो, व्हीलचेअर म्हटलं तर अजून चिडतील 😄
काका, ट्रस्टींशी बोललो. दाराला हो म्हणाले, सेवेकरी पण देतायत. खुर्च्यांना मात्र ठाम नाही, एका देणगीदाराला म्हणे पावती देतानाच पुढची खुर्ची कबूल केलीय.

नेरुळकाका: मग खुर्चीबद्दल आत्ता अवाक्षर लिहू नका. पण ती कबुली कोणी दिली ते शोधा आणि सीएला विचारा. देणगीच्या बदल्यात काही दिलं तर करसवलतीच्या ८०जी पावतीवर प्रश्न येऊ शकतो, ट्रस्टी ही भाषा पटकन ऐकतात.

घोडबंदरकर: फोन केला. आजी म्हणाल्या, माफी राहू दे, आधी त्या चिठ्ठ्या काढा. आता यांना काय सांगू?