पाचशे रुपये पुरे ‘आहे’ की ‘आहेत’?

परभणीकर
मुलांच्या एका द्विभाषिक गोष्टीचा अनुवाद करतेय. नात बाजारासाठी हजार मागते. आजी म्हणते, ‘फाइव्ह हंड्रेड रुपीज इज इनफ.’ मी लिहिलं, ‘पाचशे रुपये पुरे आहेत.’ मुद्रितशोधकांनी ‘आहेत’चं ‘आहे’ केलं आणि समासात लिहिलं, मुळात एकवचन आहे. पुढं ‘फाइव्ह किलोमीटर्स इज अ लाँग वे’ येतं, तिथंही तेच. ‘पाचशे रुपये पुरे आहे’ माझ्या कानाला टोचतं. पण माझे सासरे ‘पाचशे रुपये लई झालं’ म्हणतात, ते मात्र खटकत नाही. असं का?

शिवार
ताई, पाचशे पुरतात कुठं? परवा लेकीला वह्या आणायला तेवढेच दिले, दप्तर राहूनच गेलं. आजीला म्हणावं हजार दे.

मास्तर, अंबाजोगाई
शिवार, प्रश्न क्रियापदाचा आहे.
ताई, तुमचंच बरोबर. इंग्रजीत रक्कम किंवा अंतर एक ठोक माप म्हणून धरलं की ‘इज’ येतं. मी वर्गात सांगायचो, ‘दॅट अमाउंट’ किंवा ‘दॅट डिस्टन्स’ घालून वाक्य बसतंय का बघा. ‘दॅट अमाउंट इज इनफ’ बसलं, म्हणजे एकवचन. हे नेहमीच चालत नाही. ‘ट्वेंटी इयर्स इज अ लाँग टाइम’, पण वर्षं एकेक करून सरली म्हटलं की ‘ट्वेंटी इयर्स हॅव पास्ड’. मुलं नेमकी इथंच अडकायची.
मराठीत क्रियापद ‘रुपये’ या शब्दाकडं बघतं, म्हणून ‘आहेत’. एकवचनच हवं असेल तर ते दाखवणारा शब्द आणावा लागतो: ‘पाचशे रुपये ही काही लहान रक्कम नाही’, ‘पाच किलोमीटर हे अंतर थोडं नाही.’

परभणीकर
मग सासऱ्यांचं ‘लई झालं’?

मास्तर, अंबाजोगाई
त्यात ‘एवढं देणं’ मनात धरलेलं आहे. ‘झालं’ हे त्या देण्याचं, रुपयांचं नाही. बोलण्यात चालेल, छापायला मी देणार नाही.

जुना हैदराबादी
मला यात उर्दू दिसते. आपण 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. माझे आजोबा कचेरीत ‘पांच सौ रुपया काफी है’ म्हणायचे, आणि घरी आल्यावर मराठीतही रुपया एकवचनीच ठेवायचे. मुळातली मराठी ही नव्हे. आता तरी ती वळणं सोडावीत.

भाजीमंडई, नांदेड
दादा, तुमच्या आजोबांचं खरं असेल, पण सगळं निजामावर नका ढकलू. माझं माहेर सांगलीकडचं. तिथं त्याचं राज्य नव्हतं, तरी बाजारात ‘दहा रुपयाला दोन जुड्या’ असंच म्हणतात. बघा, दहा रुपये, पण ‘रुपयाला’. माणसं असती तर ‘दहा माणसांना’ म्हटलं असतं.
इथं सासरी तर फरक आणखी ठळक आहे. पुष्कळ पोरं असली की आमच्याकडं ‘पोरायला’, ‘लोकायला’ म्हणतात. पण ‘दहा रुपयायला’ मी आजवर एकाही गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलेलं नाही. म्हणजे रक्कम एकठोक धरायची सवय मराठीलाही आहे. फक्त ती क्रियापदात दिसत नाही, ‘ला’त दिसते.

मास्तर, अंबाजोगाई
हे निरीक्षण पक्कं आहे. मी इतकी वर्षं शिकवलं, पण या बाजूनं बघितलं नव्हतं. तरी लिहिताना ‘दहा रुपयांना’च लिहावं.

भाजीमंडई, नांदेड
का म्हणून? पाटीवर ‘दहा रुपयांना जुडी’ लिहिलं तर गिऱ्हाईक थांबून परत वाचेल. बोलतो तसं लिहिलं तर भाषा बाटते का?

जुना हैदराबादी
बाटत नाही, पण सैल होते. ‘पाचशे रुपयात’ की ‘पाचशे रुपयांत’, हेही आता कुणी बघत नाही. अनुस्वार गेला की वचनही गेलं.

परभणीकर
किलोमीटरचं राहिलंच की. ‘इथून परळी पंचवीस किलोमीटर आहे’ हे तर सगळेच म्हणतात. मुद्रितशोधक त्याचाच दाखला देतायत.

मास्तर, अंबाजोगाई
तो दाखला इथं लागू नाही. त्या वाक्यातलं ‘आहे’ परळीचं. गाव एक, म्हणून आहे. किलोमीटर तिथं कर्ता नाहीच. त्यांना ‘पाच किलोमीटर राहिले’ की ‘राहिलं’ असं विचारा.

शिवार
आमच्या एसटीचा कंडक्टर रोज म्हणतो, ‘पाच किलोमीटर राहिलं, उठा.’ ‘राहिले’ कधी म्हणत नाही. आणि माझी आई ‘दोन कोस राहिला’ म्हणायची. कोस तर दोन होते ना?

मास्तर, अंबाजोगाई
‘दोन कोस राहिला’? आईचं गाव कोणतं?

शिवार
पाथरीजवळचं. गोदाकाठचं.

भाजीमंडई, नांदेड
आमच्या आत्याबाई पण कोसाला असंच म्हणतात, आणि त्या लोह्याच्या.